दरबाराचं माप

१

संध्याकाळी धाकटा बाथरूममध्ये शिरला की बाकीच्यांनी हातपाय धुण्याची आशा सोडून द्यायची, असा त्या घरात अलिखित नियम होता. दाराच्या फटीत जुनी चादर कोंबून तो आत फोटो धुवत बसायचा, आणि बाहेर आई गुडघे चोळत ओरडायची, "अरे, या घरात माणसं राहतात! तुझ्या राजांना म्हणावं, जरा थांबा!"

"पाचच मिनिटं, आई."

त्याची पाच मिनिटं केव्हा संपतील हे देवालाही सांगता आलं नसतं.

ताई कधी ओरडायची नाही. ती जेवणाचं टेबल पुसून, दिवा खाली ओढून, हातात भिंग घेऊन बसलेली असायची. ती संग्रहालयात होती. जुन्या लघुचित्रांची वर्णनं लिहायची हे तिचं काम. चित्रात कोण आहे, कुठे उभा आहे, हाताने काय करतोय आणि त्याचा अर्थ काय, हे ती अशा भाषेत लिहायची की रस्त्यावरून आत आलेल्या माणसालाही ते चित्र आपलंसं वाटावं. या कामावर तिचा जीव होता. एखादं चांगलं चित्र समोर आलं की तिला जेवणाची शुद्ध राहायची नाही.

सध्या काम चाललं होतं एका खाजगी संग्रहातल्या पाच दरबारचित्रांचं. एकाच राजाच्या दरबाराची ही पाच पानं होती, वेगवेगळ्या वर्षांतली. संग्रहालय त्यांच्यावर पुस्तक काढणार होतं. मालक मात्र फार विचित्र. पानं घराबाहेर जाणार नाहीत, चौकटी उघडायच्या नाहीत, फोटो काचेवरूनच काढायचे, आणि त्या खोलीत एका वेळी एकच माणूस. रोज एक पान. मोठ्या मिनतवारीने एवढं तरी कबूल झालं होतं.

फोटोचं काम धाकट्याला मिळालं ते ताईने शब्द टाकला म्हणून. त्याचा स्टुडिओ बंद पडल्यापासून तो घरात नुसता हसत फिरायचा, आणि ते हसणं तिला बघवत नव्हतं. आता तो रोज सकाळी लाकडी तिकाटणं आणि मोठा जुना कॅमेरा घेऊन निघायचा, चित्रासमोर काळं फडकं डोक्यावर घेऊन उभा राहायचा, आणि संध्याकाळी घरी येऊन बाथरूम अडवायचा. घरात पुन्हा त्याचा खरा आवाज ऐकू येऊ लागला होता.

२

पहिल्या पानाचा फोटो ओला असतानाच ताईने तो दिव्याखाली धरला आणि तिच्या तोंडून नुसतं "अहाहा" निघालं.

आईने मान लांब करून पाहिलं. "हा राजा का? एवढा मागे बसलाय, आणि पुढच्या पहारेकऱ्यांपेक्षा दुप्पट मोठा कसा? काढणाऱ्याला कळत नव्हतं की काय?"

"त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत होतं, आई." ताई खुर्ची सरकवून तिच्याजवळ आली. असं कोणी विचारलं की ती फुलायची. "आपण फोटोत बघतो तेव्हा मोठा म्हणजे जवळचा आणि लहान म्हणजे लांबचा. इथे तसं नाही. इथे मोठा म्हणजे मानाने मोठा. मग तो कितीही मागे बसू दे. हा गालिचा बघ, वरून बघितल्यासारखा पसरलाय, आणि माणसं मात्र बाजूने दिसतात. कोणी कोणाच्या मागे लपू नये म्हणून जमीनच उभी केलीय त्याने. प्रत्येकाची जागा दिसली पाहिजे. जो सिंहासनाच्या जितका जवळ तितका वरचा. राजाचा उजवा हात सगळ्यात मानाचा. आणि हा लाल कठडा आहे ना, त्याच्या आतले ते दरबारी, बाहेरचे ते नुसते हजर."

"आणि हे हात?"

"हात म्हणजे तर बोलणंच. पोटावर एकावर एक हात ठेवलेत तो हुकमाची वाट बघतोय. तळवा उघडा धरलाय तो बोलतोय. ओठाला बोट लावलंय, त्याला नवल वाटलंय. कपाळाला हात नेलाय तो मुजरा करतोय. आणि हा बघ, याने नजराणा रुमालावर धरलाय, उघड्या हाताचा स्पर्श होऊ नये म्हणून. सगळ्यांच्या नजरांवरून रेघा ओढल्या तर सगळ्या राजाच्या डोळ्याशी येऊन मिळतात."

आईने पान पुन्हा न्याहाळलं. "म्हणजे हा नियम आपल्या घराला लावला तर मी छताला टेकायला हवी."

"आणि मी टेबलाच्या पायाएवढा," बाथरूममधून आवाज आला.

तिघंही हसली. मग ताई एकटीच भिंगाखाली वाकली. चितारी खरोखर असामान्य होता. एका केसाच्या कुंचल्याने काढलेल्या भुवया, आणि त्या प्रत्येक भुवईत निराळा स्वभाव. खालच्या कोपऱ्यात, कठड्याबाहेर, गडद हिरव्या पट्ट्यावर एक अगदी लहान माणूस उभा होता. हात पोटावर, अंगात अंगरखा, कमरेला तलवार, रंग जरासा उडालेला. त्याला कोणाचाही शेजार नव्हता. दोन बोटं भरेल एवढ्या त्या माणसात वाट बघण्याची केवढी ताकद चितार्‍याने भरली होती! ताईने टिपणात लिहिलं: कोपऱ्यातला, बहुधा पहारेकरी, रंग झिजलेला.

३

दुसऱ्या पानात राजाच्या दाढीत पांढरे केस आले होते, आणि कोपऱ्यातला कठड्याच्या आत आला होता.

ताईने भिंग बाजूला ठेवून टाळी वाजवली. तोच माणूस! तोच चेहरा, तीच तलवार, पण आता बोटभर मोठा. मागच्या पानात जो नुसता हजर होता तो आता दरबारी झाला होता. तिसऱ्या पानात तर तो गालिच्याच्या किनारीपर्यंत पोचला होता, जुन्या सरदारांच्या बरोबरीने, आणि त्याचे हात पोटावरून सुटले होते. राजाची दाढी पुरती पिकली होती.

"हा चितारी नुसता दरबार काढत नाहीये," ती धाकट्याला म्हणाली. "एका माणसाची बढती सांगतोय. एक अक्षर न लिहिता, नुसत्या आकारावरून! तुला दिसला ना हा?"

"मला माणसं दिसत नाहीत, ताई. फडक्याखाली काचेवर सगळं खाली डोकं वर पाय दिसतं. मी फक्त रेषांची धार बघतो. धार चांगली आलीय ना?"

"सुरेख आलीय."

"मग झालं तर." तो खूश होऊन हात पुसायला गेला.

दोन गोष्टी मात्र तिला टोचत होत्या. राजा म्हातारा होत चालला होता, सरदारांचे गाल बसले होते, पण कोपऱ्यातल्याच्या चेहऱ्यावर एक सुरकुती नव्हती. तिने स्वतःची समजूत घातली. चितारी एकदा चेहरा उतरवला की त्याचा कागदाला भोकं पाडून केलेला खाका जपून ठेवायचे आणि पुन्हा पुन्हा वापरायचे. या माणसाचा खाका जुनाच वापरला असेल. दुसरं म्हणजे, थोरला राजपुत्र राजाच्या डाव्या हाताला होता. हे अगदीच चमत्कारिक. पण ताई या चितार्‍यावर इतकी लुब्ध झाली होती की त्याची चूक असेल हे तिच्या मनातच आलं नाही. त्याने मुद्दामच मान उलटा केला असणार, असं तिने लिहून टाकलं, आणि त्या वाक्यावर ती बेहद्द खूश झाली.

४

चौथ्या पानाचा फोटो आला तेव्हा आई झोपाळलेल्या आवाजात रेडिओशी बोलत होती आणि घरात आल्याच्या चहाचा वास होता. सगळं नेहमीसारखं होतं. तरीही ताईने फोटो उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

कोपऱ्यातला आता राजाएवढा होता.

असं होत नाही. राजाएवढं कोणालाच काढत नाहीत. शिवाय तो एका सरदाराच्या कोपरावरून आणि गालिच्याच्या कडेवरून आडवा आला होता. दरबारचित्रात माणसं एकमेकांना थोडीफार झाकतात, पण राजाच्या गालिच्यावर अशी आडवी सावली टाकण्याची कोणाची छाती नसते. त्याचे पाय कुठे टेकले आहेत हेही दिसत नव्हतं. आणि त्याची नजर! बाकीच्या सगळ्या रेघा राजाच्या डोळ्याशी मिळत होत्या. याची एकट्याची मिळत नव्हती. तो खाली, आपल्या हाताकडे बघत होता.

त्याचा हात एका काळ्या उंचवट्यावर होता. काळ्या कापडाने झाकलेलं काहीतरी. पिंजरा असेल, नाहीतर झाकलेला नगारा. हात दाबून धरलेला नव्हता. चारही बोटं सैल, अंगठा किंचित वर. ताईला हा हात ओळखीचा होता. नव्या माणसाला पहिल्यांदा दरबारात आणतात तेव्हा त्याला पुढे नेणारा असाच हात त्याच्या खांद्यावर ठेवतो. त्या हाताचा अर्थ असतो, चला, तुमची वेळ झाली.

पण नगाऱ्याला कोणी असं कशाला आणेल?

त्या हाताचं काम इतकं नाजूक होतं की तिच्या अंगावर काटा आला. त्यातला किती कौतुकाचा होता आणि किती भीतीचा, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

५

सकाळी तिने चारही फोटो आणि आपली टिपणं मोठ्या बाईंच्या टेबलावर मांडली. मोठ्या बाई म्हणजे तिच्या विभागाच्या प्रमुख. नजर घारीसारखी, आणि जीभ तिच्याहून धारदार.

बाईंनी चष्मा चढवला, एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "हा दरबार डावखुऱ्यांचा आहे का गं?"

"म्हणजे?"

"सगळ्यांच्या तलवारी उजव्या कमरेला. उपसणार कशा? दातांनी? आणि हा नजराणा डाव्या हाताने पुढे करतोय. अशाने मुंडकं उडालं असतं त्याचं. तुझ्या भावाने फिल्म उलट्या बाजूने लावून छापलंय सगळं. आणि तू, एवढी जाणती, राजपुत्र डावीकडे बघून त्यावर निबंध लिहिलास!"

ताई कानापर्यंत लाल झाली. बाईंनी हसत पर्समधला आरसा काढून फोटोसमोर धरला. आरशात दरबार सुलटा झाला. राजपुत्र उजव्या हाताला गेला, नजराणे उजव्या हातात आले, तलवारी एकामागून एक डाव्या कमरेला जाऊन बसल्या. सगळं कसं जिथल्या तिथे. चितार्‍याने कसलीही चूक केलेली नव्हती, आणि मान उलटाही केलेला नव्हता. तो तिला वाटला होता त्याहूनही चोख होता.

फक्त एका माणसाची तलवार आरशात उजवीकडे गेली.

"हा एकटाच मघाशी बरोबर होता," बाई म्हणाल्या. "आता हा एकटाच उलटा. चारही पानांत." त्यांनी क्षणभर विचार केला आणि आरसा मिटला. "अगं, सोपं आहे. हा चित्रात नाहीच. काचेवर पडलेलं प्रतिबिंब आहे हे. प्रतिबिंब उलटं पडतं, छापताना आणखी एकदा उलटलं, म्हणून सुलटं दिसत होतं. खोलीत कोणीतरी उभा होता. म्हणूनच असा फिकट आलाय, आणि तू लिहिलंस रंग झिजलेला!"

ताईला एवढं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. म्हातारा न होणारा माणूस, बिनपायाचा माणूस, सरदाराला झाकणारा माणूस, सगळ्याचा उलगडा झाला. तिने फोटो गोळा करायला घेतले. एकावर एक. पहिला, दुसरा, तिसरा.

चौथ्याला तिचा हात थांबला.

प्रतिबिंबाला मान-अपमान नसतो. राजा असो की पहारेकरी, काचेत माणूस मोठा दिसतो तो एकाच कारणाने. ती आयुष्यभर लोकांना सांगत आली होती की इथे मोठा म्हणजे जवळचा नव्हे. आणि हा एकच माणूस असा होता की ज्याच्या बाबतीत मोठा म्हणजे जवळचा, एवढाच अर्थ होता. त्याला बढती मिळत नव्हती. तो रोज जवळ येत होता. कॅमेऱ्याच्या मागून.

आणि काळ्या कापडाखाली नगारा नव्हता.

"बाई," ती म्हणाली, "मला फोन करायचाय."

६

मालकाच्या घरचा फोन बराच वेळ वाजला. शेवटी रखवालदाराने उचलला.

"फोटोवाले का? आत आहेत. काम चालू आहे."

"त्यांच्यासोबत खोलीत कोण असतं?"

"कोणी नाही, बाई. मालकांचा तसा हुकूमच आहे. दार मीच बाहेरून लावतो आणि मीच उघडतो."

"त्यांना बोलवा. आत्ताच्या आत्ता. घरी गडबड आहे म्हणून सांगा."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग फरशीवरून दूर जाणारी एका माणसाची पावलं. किल्ली फिरली, दार करकरलं, लांबून काहीतरी बोलणं. ताई श्वास रोखून ऐकत राहिली. पावलं परत येऊ लागली. एक जोडी रखवालदाराची, चपला घासत. एक धाकट्याची, ती तिला झोपेतही ओळखू आली असती. फरशीवर आवाज घुमतो, त्यामुळे पावलं असतात त्याहून जास्त वाटतात, असं तिने मनाशी घोकलं.

"ताई? काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई ठीक आहे. तू ठीक आहेस?"

"मला काय धाड भरलीय! शेवटचं पान आत्ताच झालं. काय चित्र आहे, ताई! आज पहिल्यांदा मी फडक्यातून डोकं काढून नीट बघितलं. तू म्हणतेस ते खरंय. बघतच राहावंसं वाटतं."

"चित्रात कोपऱ्यात माणूस आहे?"

"कुठल्या कोपऱ्यात? खाली नुसता हिरवा रंग आहे. मोकळा."

"मागे वळून बघ."

"रखवालदारकाका आहेत," तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, "खांदा मात्र भरून आलाय. उभं राहून राहून असेल."

"सामान तिथेच ठेव आणि सरळ घरी ये. फिल्मही राहू दे."

"बरं," तो म्हणाला. त्याने वाद घातला नाही. धाकटा आणि वाद न घालता 'बरं' म्हणतो, हे तिच्या आठवणीत पहिल्यांदाच झालं होतं.

७

ती घरी पोचली तेव्हा आई खुर्चीत बसून वाटाणे सोलत होती. ताईने तिला काही सांगितलं नाही. दिवा लावला, खिडकी लावली, पुन्हा उघडली. बाहेर मुलं खेळत होती, शेजारच्यांचा कुकर शिट्ट्या देत होता. या सगळ्या आवाजांनी तिला धीर आला. काचेवर कोणाचीही सावली पडते. अंगरखा घातलेला मालकच हौसेने येऊन उभा राहत असेल. श्रीमंतांना काय, काहीही सुचतं. दाराला कुलूप होतं, पण त्याच्याकडे दुसरी किल्ली असेलच की.

बाहेरचं दार उघडलं. पॅसेजमध्ये धाकट्याची पावलं आली आणि तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

"आलास? हातपाय धू, आज बाथरूम सगळ्यांचं आहे," ती न वळता म्हणाली.

पावलं उंबऱ्याशी थांबली.

वाटाण्यांचं ताट खाली ठेवल्याचा आवाज झाला. ताईने आईकडे पाहिलं. दारावरची बेल वाजली तरी गुडघ्यांपायी जागची न हलणारी आई हळूहळू उठून उभी राहत होती. टेबलाचा आधारसुद्धा न घेता. तिची नजर पॅसेजकडे होती, आणि तिचं एक बोट ओठाशी गेलं होतं.

ताई वळली.

धाकटा तिच्यापासून हाताच्या अंतरावर, खोलीच्या उंबऱ्याशी उभा होता. हात पोटावर, एकावर एक. सतत वळवळणारा, एका जागी कधी न ठरणारा तिचा भाऊ इतका निश्चल उभा होता की त्याच्या श्वासाचीही हालचाल दिसत नव्हती. त्याचा चेहरा शांत होता, भुवया एका केसाने काढल्यासारख्या. ती हात पुढे करून त्याला शिवू शकली असती. इतका जवळ होता तो. आणि तरीही लहान होता. टेबलाच्या पायाएवढा.

त्याच्या मागे पॅसेजच्या पार टोकाला, बाहेरच्या दारापाशी, दुसरं कोणीतरी होतं. तिने नीट पाहिलं नाही. वर पाहायचं धाडस झालं नाही. एवढंच कळलं की ते धाकट्याच्या कितीतरी मागे, कितीतरी लांब होतं, आणि त्याच्या अंगरख्याची खालची किनार तिच्या डोळ्यांच्या उंचीवर होती. सोनेरी वेलबुट्टी, एकही टाका न चुकलेला.

त्या क्षणीही तिच्या आयुष्यभर सरावलेल्या नजरेने आपलं काम केलंच. कोण कुठे, कोण केवढा, कोणाची रेघ कोणाच्या डोळ्याशी मिळते. रचना निर्दोष होती. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. एकच जागा तेवढी रिकामी होती, धाकट्याच्या शेजारी, टेबलापासून दोन पावलांवर, आणि ती केवढ्या माणसासाठी सोडली आहे हे तिला मापासकट दिसलं.

"ताई," धाकटा समोर बघत हळूच म्हणाला, "हात."

तिने खाली पाहिलं. तिचे हात केव्हाच पोटावर आले होते.